परदेशी वर्गात इंग्रजीतून सादरीकरण : या चुका टाळा

परदेशी विद्यापीठात इंग्रजीतून सादरीकरण करायचे म्हटले की आपले अनेक विद्यार्थी तेथील लोकांसारखे उच्चार काढण्याच्या खटपटीला लागतात, आणि पहिली चूक तेथेच होते. उसने उच्चार फार वेळ टिकत नाहीत आणि ते मध्येच सुटले की ऐकणारा अधिकच गोंधळतो. मराठी वळणाचे इंग्रजी समजायला अवघड नसते. अडचण येते ती बहुधा शब्दातील आघात चुकीच्या जागी पडल्यामुळे. ‘डेव्हलप’ या शब्दात जोर ‘व्हे’वर, ‘कंपोनंट’मध्ये ‘पो’वर आणि ‘हायपॉथिसिस’मध्ये ‘पॉ’वर हवा, आपण मात्र तो सवयीने पहिल्या अक्षरावर देतो किंवा सगळी अक्षरे सारख्याच जोराने उच्चारतो. म्हणून आपल्या विषयातील वारंवार येणारे दहा-पंधरा शब्द निवडावेत, शब्दकोशातील ध्वनिमुद्रण ऐकून आघाताच्या अक्षराखाली रेघ मारावी आणि तेवढ्यांचाच सराव करावा.

दुसरी चूक म्हणजे संपूर्ण भाषण पाठ करणे. पाठ केलेले भाषण घाबरल्यावर वेगाने सुटते आणि एक वाक्य विसरले की पुढचेही आठवत नाही. दहा मिनिटांसाठी साधारण १२०० शब्द पुरेसे असतात. पहिली दोन-तीन वाक्ये तेवढी पक्की करावीत, बाकीचे मुद्द्यांवरून बोलावे.

खरी भीती प्रश्नांची असते, आणि तेथील सर्वांत महागडी चूक म्हणजे प्रश्न पुरता न कळता घाईने उत्तर देणे. समजा, ठिबक सिंचनामुळे कांद्याच्या उत्पादनात पडलेल्या फरकावर एका विद्यार्थिनीने ब्रिटनमधील वर्गात सादरीकरण केले. मागच्या रांगेतून प्रश्न आला, “हाऊ डिड यू कंट्रोल फॉर रेनफॉल?” तिने ‘कंट्रोल’ एवढेच पकडले आणि पाणी सोडण्याच्या व्हॉल्व्हची माहिती दिली. विचारणाऱ्याला मात्र पावसाचा परिणाम हिशेबातून वेगळा कसा काढला, हे हवे होते. अशा वेळी नुसते ‘पार्डन?’ म्हणू नये, कारण बहुधा तोच प्रश्न त्याच वेगाने पुन्हा येतो. त्याऐवजी आपल्याला कळलेला अर्थ समोर ठेवावा : “आर यू आस्किंग हाऊ आय मेजर्ड रेनफॉल, ऑर हाऊ आय सेपरेटेड इट्स इफेक्ट?” विचारणारा दोहोंपैकी एक निवडतो किंवा तिसरे काही सांगतो, आणि आपल्याला विचार करायला काही क्षणही मिळतात.

उत्तर ठाऊक नसेल तर ‘सॉरी, माय इंग्लिश इज नॉट गुड’ असे म्हणू नये. अडचण माहितीची असताना दोष भाषेला दिला जातो आणि चर्चा तेथेच थांबते. आपल्या अभ्यासाची मर्यादा नेमकी सांगावी : दोनच हंगामांच्या नोंदी घेतल्या, दोन्ही वर्षी पाऊस जवळपास सारखाच होता, त्यामुळे त्याचा परिणाम या माहितीवरून वेगळा काढता येत नाही.