रात्रीचं ताट: नाचणी, पिठलं, दही
पाळी थांबल्यावर डॉक्टरांनी दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं. घरी यायला आठ वाजतात, माझ्यापुरता वेगळा स्वयंपाक कोण करणार? म्हणून सगळ्यांचंच ताट बदललं. भाकरी ज्वारीऐवजी नाचणीची. ५० ग्रॅम पिठातून सुमारे १८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. नाचणीची भाकरी थापताना तुटते, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात उकडून मग मळते. सोबत पिठलं आणि वाटीभर दही. माझ्या वाट्याला ४० ग्रॅम बेसन आलं की आठेक ग्रॅम प्रथिनं होतात. पातळ पिठल्याच्या वाटीत बेसनच कमी, त्यामुळे घट्टच करते. दह्यातून आणखी पाचेक ग्रॅम. कधी पिठल्याऐवजी पनीर भुर्जी. कॅल्शियमसाठी पालकावर मात्र विसंबत नाही. त्यातलं ऑक्झलेट ते फारसं अंगी लागू देत नाही. मुलं नाक मुरडतात, त्यांच्या भाकरीत निम्मी ज्वारी.