चंदन, अशोक, हिरडा: वनौषधी विकत घेताना या चुका टाळा

काष्ठौषधीच्या दुकानात किंवा ऑनलाइन खरेदी करताना आपण वनस्पतीचं नाव वाचतो, किंमत बघतो आणि डबी उचलतो. त्या वनस्पतीचा कोणता भाग डबीत आहे, हे मात्र क्वचितच बघतो. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. फळ, पान किंवा फूल घेतलं तर झाड उभं राहतं. मूळ, साल किंवा गाभ्याचं लाकूड घेतलं तर बहुतेक वेळा झाडच जातं.

आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटकांच्या यादीत वनस्पतीच्या शास्त्रीय नावापुढे बरेचदा कंसात इंग्रजी अक्षरं असतात. ‘आरटी’ म्हणजे मूळ, ‘एसटी बीके’ म्हणजे खोडाची साल, ‘एफआर’ म्हणजे फळ आणि ‘एचटी डब्ल्यूडी’ म्हणजे गाभ्याचं लाकूड. मूळ, साल किंवा गाभा दिसला की माल लागवडीचा आहे की जंगलातला, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सीता अशोकाचं उदाहरण घ्या. बायकांच्या तक्रारींवर दिल्या जाणाऱ्या अशोकारिष्टात त्याची साल लागते. पानात तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं. खोडाभोवतीची साल पूर्ण गोल सोलून काढली की मुळं उपाशी राहतात. वर पालवी काही काळ हिरवी दिसते आणि मग झाड वाळतं. मोठ्या झाडाच्या एकाच बाजूने अरुंद उभी पट्टी काढली, किंवा छाटलेल्या फांद्यांची साल घेतली, तर झाड तगतं. पण त्याला वेळ लागतो, आणि साल वजनावर विकणाऱ्याला झाड आडवं पाडणंच सोपं जातं. त्यामुळे सह्याद्रीतला हा अशोक आज संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.

माल कमी पडला की भेसळ येते. सोसायटीच्या कुंपणाला लावतात तो सरळसोट, लांब आणि कडेला नागमोडी पानांचा ‘अशोक’ हे वेगळंच झाड आहे, आणि त्याची साल सीता अशोकाच्या नावाने विकली जाते. झाडं समोर असली तर फरक लगेच कळतो. सीता अशोकाची कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबणारी असते, फुलांचे नारिंगी-लाल गुच्छ येतात. चूर्ण झाल्यावर मात्र डोळ्यांनी काहीच कळत नाही, प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. म्हणून सुटी भरड घेण्यापेक्षा बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता असलेला माल घ्या. वैद्यांनी दिलेलं औषध मात्र परस्पर बदलू नका. कमी तोड होणारा पर्याय आहे का, हे त्यांनाच विचारा.

चंदनाच्या बाबतीत लोक स्वस्त तेलाला घाबरतात आणि ओळखीतून आलेल्या खोडावर विश्वास ठेवतात. माझ्या मते हे अगदी उलटं आहे. अस्सल चंदनतेलाचा भाव किलोला लाखाच्या वर असतो, म्हणजे ग्रॅमला शंभर रुपयांच्या वर. दहा मिलीची बाटली दीडशे रुपयांत मिळत असेल तर तिच्यात कृत्रिम सुगंध किंवा पातळ केलेलं तेल आहे. तुमची फसवणूक होते हे खरं, पण जंगलातलं झाड त्यासाठी पडलेलं नसतं. खरी भीती आहे ती अस्सल वासाच्या, पण बिलाशिवाय मिळणाऱ्या खोडाची.

चंदनाचा सुगंध फक्त गाभ्यात असतो, बाहेरच्या पांढऱ्या लाकडात नाही. झाड शेजारच्या झाडांच्या मुळांना स्वतःची मुळं जोडून त्यांच्याकडून पोषण घेतं आणि विकण्याजोगा गाभा भरायला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात. चोराला एवढं थांबायचं नसतं. तो खोडाला भोक पाडून गाभा धरलाय का ते बघतो. धरला नसेल तर झाड तसंच जखमी सोडून जातो, धरला असेल तर रातोरात कापतो. तेल मुळांतही भरपूर असतं, त्यामुळे जमेल तिथे मुळासकट उपटतात आणि मग फुटवाही येत नाही. पुण्यात बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारातून चंदन चोरीला गेल्याच्या बातम्या वारंवार येतात, तो माल शेवटी कुणाच्या तरी सहाणेवरच जातो.

सरळ मार्गाचं चंदन मिळतं. केरळात मरयूरला वनविभाग चंदनाचा लिलाव करतो. कर्नाटकाने 2001 मध्ये आणि तामिळनाडूने 2002 मध्ये कायदा बदलून जमीनमालकाला स्वतःच्या चंदनावर हक्क दिला, त्यानंतर खासगी लागवड वाढली. आपल्याकडेही शेतात चंदन लावता येतं, पण तोडीला आणि वाहतुकीला परवानगी लागते. म्हणजे कायदेशीर लाकडामागे कागद असतोच. दुकानदाराकडे पक्कं बिल आणि माल कुठल्या लिलावातून किंवा लागवडीतून आला याची माहिती मागा. ‘गावाकडून आणलंय, बिल कसलं?’ असं उत्तर आलं तर घेऊ नका. चोरटी तोड दिसली तर महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. आणि एक, रक्तचंदन हे चंदन नव्हे. ते आंध्राकडच्या पूर्व घाटातलं वेगळं झाड आहे, त्याला तो सुगंध नसतो आणि त्याचीही बेसुमार तस्करी होते. फेसपॅकवर फक्त ‘चंदन’ लिहिलं असेल तर कोणतं, ते विचारा.

हे सगळं वाचून ‘जंगलातलं काही नकोच’ असं ठरवणं ही पुढची चूक. भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी कुटुंबं हिरडा आणि बेहडा गोळा करून विकतात. फळाला भाव मिळाला तर झाड राखणं परवडतं, नाही मिळाला तर तेच झाड लाकडासाठी जातं. बेहड्याच्या जुन्या ढोल्यांमध्ये धनेश घरटं करतो, तेव्हा ही झाडं पक्ष्यांनाही हवीत. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने इथल्या गोळा करणाऱ्यांबरोबर काम केलं आणि इथला हिरडा-बेहडा ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणित झाला. या प्रमाणपत्रासाठी आधी झाडं मोजतात, वर्षाला किती फळं काढायची ते ठरवतात, फांद्या न तोडता गोळा करायचं असतं आणि खरेदीदार जास्तीचे पैसे देतो. फांद्या छाटून फळं पाडली की पुढच्या हंगामाचा बहरही त्यांच्याबरोबर जातो, म्हणून ही अट महत्त्वाची.

या शिक्क्याचा माल आपल्या बाजारात सहज दिसत नाही. तिथे भलत्याच शिक्क्यावर भरवसा ठेवायची चूक होते. ‘जीएमपी’ म्हणजे कारखान्यातली स्वच्छता आणि उत्पादनाची पद्धत, जंगलाशी त्याचा संबंध नाही. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि ‘थेट जंगलातून’ ही तर नुसती जाहिरात. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि एवढंच विचारा: या बॅचमधली साल किंवा मूळ कोणत्या जिल्ह्यातून आलं, लागवडीचं की जंगलातलं, आणि गोळा करणाऱ्यांशी थेट करार आहे की व्यापाऱ्याकडून घेतलं? ज्यांना माहीत असतं ते जिल्हा आणि शेतकरी गटाचं नाव सांगतात. ‘आमचे सर्व पुरवठादार विश्वासार्ह आहेत’ एवढंच उत्तर आलं तर त्यांनाही माल कुठून येतो ते माहीत नाही असं धरून चाला, आणि साल-मुळांची औषधं त्यांच्याकडून घेऊ नका. त्रिफळ्यासारखं फळांचं चूर्ण मात्र अशा कंपनीकडून घेतलं तरी झाडावर तेवढा भार येत नाही.