वाटपाआधी देण्यांची यादी : मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनो, या चुका टाळा

मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून नाव आलं की माणूस सातबारा काढतो, पासबुकं गोळा करतो आणि यादी झाली म्हणून मोकळा होतो. ही अर्धीच यादी. उरलेली अर्धी देण्यांची, आणि बागायतदाराच्या घरात ती कागदांच्या पेटीत पूर्ण सापडत नाही. ती दलालाच्या खात्यात, पीककर्ज देणाऱ्या सोसायटीच्या दप्तरात आणि खत-औषधाच्या दुकानातल्या उधारीच्या वहीत पसरलेली असते. कागदपत्रं बघताना मला सगळ्यात जास्त चीड येते ती या चुकीची, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

देवगड तालुक्यातलं एक घर. वडील मार्चच्या सुरुवातीला वारले, आंबा झाडावर होता. मृत्युपत्रात कलमांची बाग गावी राहणाऱ्या थोरल्या मुलाला, आणि ‘बाकी सर्व रोकड व ठेवी’ डोंबिवलीची मुलगी आणि ठाण्याचा धाकटा मुलगा यांना समान. व्यवस्थापक म्हणून वडिलांच्या मेहुण्यांचं, म्हणजे मुलांच्या मामांचं नाव, माणूस सज्जन. ठेवी 9 लाखांच्या होत्या. गणपतीला सगळे घरी जमले, ‘आता आलोच आहोत तर उरकून टाकू’ असं ठरलं, आणि मामांनी दोघांना साडेचार-साडेचार लाख देऊन टाकले. यादीत देणी म्हणून एकच ओळ होती : सोसायटीचं पीककर्ज, 2 लाख 20 हजार.

दिवाळीनंतर थोरल्याने हंगामाच्या पट्ट्या, म्हणजे दलालाकडून आलेले विक्रीचे हिशेब, पुढे ठेवल्या. वडिलांनी आदल्या पावसाळ्यात वाशीच्या दलालाकडून 1 लाख 80 हजारांची उचल घेतली होती. दलालाने ती मुलाने पाठवलेल्या पेट्यांच्या पैशातून वळती करून घेतली होती. राखणीला असलेल्या नेपाळी गड्यांचे वडिलांच्या हयातीतले 30 हजार त्यानेच दिले, नाहीतर ऐन तोडणीत ते निघून गेले असते. कोल्हापूरच्या हॉस्पिटलचं शेवटच्या पंधरवड्याचं 90 हजारांचं बिलही त्यानेच भरलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, ‘मामा, बाग मला मिळाली, पण बाबांचं सगळं देणंही मलाच का?’

तो बरोबर होता. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 प्रमाणे विशिष्ट वस्तू ज्याला दिली, तिचं मृत्यूनंतरचं निव्वळ उत्पन्न त्याचं. म्हणजे मार्चनंतर उतरवलेला आंबा थोरल्याचा. उचल मात्र वडिलांचं वैयक्तिक देणं होतं. ती, हॉस्पिटलचं बिल आणि गड्यांची मजुरी, मिळून 3 लाख, आधी ‘बाकी’ म्हणून राहिलेल्या ठेवींतून जायला हवी होती. राहिले असते 6 लाख, प्रत्येकी 3. दोघांकडे दीड-दीड लाख जास्त गेले होते, आणि तोवर धाकट्याने ते फ्लॅटच्या हप्त्यात घातले होते.

सोसायटीच्या कर्जाचं गणित वेगळं. त्या कर्जाचा बोजा ई-करार म्हणून बागेच्या सातबारावर ‘इतर हक्क’ सदरात चढलेला होता. बोज्यासकट वस्तू मिळाली, आणि मृत्युपत्रात उलट काही लिहिलेलं नसेल, तर वारसांच्या आपसांत तो बोजा वस्तू घेणाऱ्याचा. म्हणून 2 लाख 20 हजार थोरल्याचेच. याच कारणाने मी प्रत्येक देण्यापुढे एक रकाना ठेवायला लावतो : कशावर बोजा आहे? रिकामा राहिला तर देणं ‘बाकी’तून फिटेल, भरला तर त्या वस्तूबरोबर जाईल. हा एक रकाना नसल्यामुळे भावाभावांत अबोला झालेला मी पाहिला आहे.

न कळलेलं कर्ज वाटपानंतर उघड झालं आणि ते भरावं लागलं, तर व्यवस्थापकाला वारसांकडून प्रमाणात परत मागता येतं. पण वडील दलालाची उचल घेतात हे या मामांना, खरं तर साऱ्या वाडीला, ठाऊक होतं. ठाऊक असून विचारलं नाही, तर नुकसान भरून देण्याची पाळी व्यवस्थापकाच्या स्वतःच्या खिशावर येते. इथे मुलीने समजूतदारपणे दीड लाख परत केले. धाकट्याकडून येणं अजून बाकी आहे.

तेव्हा दलालाकडे जा, फोनवर भागवू नका. मागच्या दोन हंगामांच्या पट्ट्या मागा आणि वजावटीच्या ओळी वाचा. उचल तिथेच दिसते. त्याच वेळी खात्री करा की ती खरंच उचल होती, की बागच त्या वर्षापुरती करारावर दिली होती. फळ ठरलेल्या रकमेला आधीच विकलेलं असेल तर ते देणं नव्हे. मग आंबा वारसाचा राहत नाही, फक्त कराराची राहिलेली रक्कम येणं म्हणून यादीत येते. सोसायटीकडून मृत्यूच्या तारखेचा बाकीचा दाखला लेखी घ्या. औषधाच्या दुकानदाराला आणि गड्यांना समोरासमोर विचारा. गडी स्वतःहून सांगत नाहीत, मालक गेल्यावर त्यांना संकोच वाटतो.

पैसे कमी पडण्याची शंका असेल तर क्रम पाळा. आधी अंत्यविधी आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचा औषधोपचार, मग प्रोबेटचा, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र मान्य करून घेण्याचा खर्च, मग मजूर-कारागीर-घरगड्यांची शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी, मग बाकीची देणी सारख्या प्रमाणात. वारस सगळ्यांत शेवटी. जो सावकार आधी ओरडला त्याला आधी दिलं, ही पद्धत मला मान्य नाही.

आता इतर चुका. सामाईक सातबाऱ्यावरचं सगळं क्षेत्र मयताच्या नावे लिहू नका. फेरफार काढा आणि त्याचा हिस्साच लिहा. नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणून बँकेतली ठेव यादीतून गाळू नका. नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण तेवढ्याने तो वारस ठरत नाही. किंमत मृत्यूच्या तारखेची धरा, आज एजंट सांगतो ती नव्हे. येणी विसरू नका : फळपीक विम्याची भरपाई हंगाम संपल्यावर जमा होते, आणि तेव्हा खातं बंद केलेलं असेल तर ती अडकून बसते. सोनं तारण असेल तर दागिने मालमत्तेत आणि त्यावरचं कर्ज देण्यात, दोन्हीकडे लिहा.

घाई करणाऱ्यांना मी एकच उत्तर देतो. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटप करायला कायदा व्यवस्थापकाला भाग पाडत नाही. प्रोबेट घेतलं असेल तर ते मिळाल्यापासून 6 महिन्यांत ही यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यावा लागतो. आंब्याच्या घरात तर एक हंगाम पूर्ण होऊन पट्ट्या हातात येईपर्यंत मी कुणालाच पैसे द्यायला सांगत नाही. कुणाला खरोखरच नड असेल, तर सगळी देणी बाजूला काढून उरेल त्यातला थोडा भाग द्यावा, आणि ‘देणं निघाल्यास परत करीन’ असं लिहिलेल्या पावतीवर सही घ्यावी. सख्खा भाऊ असला तरी घ्यावी.