रेडॉक्स समीकरण सोडवण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी तुझ्या पाठांतराची एक परीक्षा घेऊ. हे समीकरण वहीत उतरवून घे आणि बरोबर आहे की चूक ते सांग:

MnO₄⁻ + Fe²⁺ + 8H⁺ → Mn²⁺ + Fe³⁺ + 4H₂O

अणू मोजलेस तर सगळे जुळतात, म्हणून बरोबरची खूण करावीशी वाटते. आता प्रभार मोज. डावीकडे −1, +2 आणि +8 मिळून +9 होतात, उजवीकडे मात्र +2 आणि +3 मिळून +5 च. समीकरण चूक आहे. मँगनीजने पाच इलेक्ट्रॉन घेतले आणि लोहाच्या एका आयनाने एकच दिला, मग उरलेले चार आले कुठून? पाच Fe²⁺ लागतात. तेव्हा तयारीतली पहिली गोष्ट ही, की अणूंच्या हिशोबासोबत प्रभाराचाही हिशोब वहीत दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट: परमँगनेट दिसलं की हात आपोआप ‘8H⁺, 5e⁻, 4H₂O’ लिहितो, ती सवय मोड. ते आकडे फक्त Mn²⁺ तयार होत असेल तेव्हाचे. म्हणून पेन टेकवण्याआधी प्रश्नात माध्यम कोणतं आणि उत्पादित काय, हे दोन्ही शोधून त्याखाली रेघ मार. परमँगनेट आणि सल्फाइट हीच जोडी बघ. आम्ल माध्यमात जांभळा रंग जाऊन द्रावण जवळजवळ रंगहीन होतं, कारण Mn²⁺ बनतो. सौम्य आम्लारिधर्मी माध्यमात तपकिरी साका येतो, तो MnO₂ चा. तिथे पाठ केलेले आकडे लावलेस तर पहिल्याच ओळीत घसरशील.

आता हीच दुसरी अभिक्रिया पूर्ण सोडवू. दोन अर्धअभिक्रिया वेगळ्या लिही, आणि माध्यम आम्लारिधर्मी असलं तरी आधी आम्लातच आहोत असं समज. MnO₄⁻ मधून MnO₂ होताना दोन ऑक्सिजन सुटतात. पाण्यातल्या द्रावणात ते मोकळ्या अणूंच्या रूपात राहत नाहीत, H⁺ शी जुळून पाणी होतात. म्हणून उजवीकडे 2H₂O आणि डावीकडे 4H⁺. नियम म्हणून पाठ करायचं इथे काही नाही, ऑक्सिजन कुठे गेला एवढंच विचारायचं. आता डावीकडे प्रभार +3, उजवीकडे शून्य, म्हणून डावीकडे तीन इलेक्ट्रॉन:

MnO₄⁻ + 4H⁺ + 3e⁻ → MnO₂ + 2H₂O

मँगनीज +7 वरून +4 वर आला, म्हणजे तीनच. ऑक्सिडीकरण अंकावरून आणि प्रभारावरून आलेली संख्या एकच निघाली, की पुढे जा. नाही निघाली तर चूक याच ओळीत आहे, खाली शोधत बसू नकोस.

सल्फाइटला उलट एक ऑक्सिजन हवा आहे, तो पाण्याकडूनच मिळतो:

SO₃²⁻ + H₂O → SO₄²⁻ + 2H⁺ + 2e⁻

घेतलेले आणि दिलेले इलेक्ट्रॉन सारखे व्हायला हवेत, म्हणून पहिलीला 2 ने आणि दुसरीला 3 ने गुण. गुणताना H⁺ आणि पाण्याचेही गुणांक बदलतात, हे विसरणारे खूप. बेरीज करून दोन्हीकडचं सारखं काढून टाकलं की उरतं:

2MnO₄⁻ + 3SO₃²⁻ + 2H⁺ → 2MnO₂ + 3SO₄²⁻ + H₂O

आम्लारिधर्मी द्रावणाच्या समीकरणात H⁺ ठेवता येत नाही. म्हणून जितके H⁺ तितके OH⁻ दोन्ही बाजूंना मिळव. एकाच बाजूला मिळवलेस तर प्रभार लगेच बिघडेल. डावीकडे 2H⁺ आणि 2OH⁻ चं 2H₂O होतं, त्यातलं एक उजवीकडच्या पाण्याबरोबर जातं:

2MnO₄⁻ + 3SO₃²⁻ + H₂O → 2MnO₂ + 3SO₄²⁻ + 2OH⁻

दोन्हीकडे प्रभार −8, ऑक्सिजन 18. सुरुवातीपासूनच OH⁻ वापरण्याची रीतही आहे, पण तिच्यात पाणी कुठल्या बाजूला आणि OH⁻ कुठल्या, हे पुन्हा पाठच करावं लागतं. तुला तरी मी ती सुचवणार नाही.

शेवटच्या ओळीत इलेक्ट्रॉन उरले असतील, किंवा H⁺ आणि OH⁻ एकत्र दिसत असतील, तर काम अर्धवट आहे. आता कुठेही न बघता Cr(OH)₃ आणि ClO⁻ पासून आम्लारिधर्मी माध्यमात CrO₄²⁻ आणि Cl⁻ होण्याचं समीकरण सोडव. डावीकडे 4OH⁻ आणि उजवीकडे 5H₂O आले, तर जमलं.