सोफ्यावरून गेमची अक्षरं दिसत नाहीत? या चुका टाळा

टीव्ही मोठा, म्हणजे अक्षरंही मोठी दिसणार, ही सगळ्यात जुनी गैरसमजूत. जरा मोजून बघा. टेबलावरचा २४ इंची मॉनिटर साधारण ३० सेंटिमीटर उंच असतो आणि आपण त्याच्यापासून दोन फुटांवर बसतो. ५५ इंची टीव्ही ६८ सेंटिमीटर उंच, पण सोफा नऊ फुटांवर. म्हणजे डोळ्याला टीव्ही मॉनिटरच्या निम्माच दिसतो. टेबलावर जे अक्षर १०० टक्के आकारात आरामात वाचता येतं, ते तेवढंच दिसायला सोफ्यावरून २०० टक्के लागतात. माणसं ११० करून बघतात आणि "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात.

मनीष नगरातल्या माझ्या भाच्याने तर दिवाळीच्या सुट्टीत घर डोक्यावर घेतलं होतं. पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडला आणि संध्याकाळी फोन: "मामा, काहीच वाचता नाही येऊन राहिलं." मी पोचेपर्यंत त्याने कुठलासा व्हिडिओ बघून रिझोल्यूशन ४के वरून १०८०पी केलं होतं. एका गेमचा मेनू त्यामुळे दुप्पट झाला, म्हणून स्वारी खूश. दुसऱ्या गेममध्ये अक्षर होतं तेवढंच राहिलं, वर चित्र धुरकटलं. तोवर घरात ६५ इंची टीव्हीची चर्चा सुरू झाली होती. ५५ चा ६५ केला की अक्षर जेमतेम १८ टक्के वाढतं. सोफा दीड फूट पुढे ओढला तर फुकटात २० टक्के मिळतात. ताईला हे पटलं, भाच्याला नाही.

दोन गेममधला फरक असा. काही गेम अक्षराची उंची ठरावीक पिक्सेलमध्ये धरतात. ४के मध्ये पिक्सेल निम्म्या उंचीचा होतो, म्हणून अक्षरही निम्मं होतं. बाकीचे गेम अक्षर पडद्याच्या उंचीच्या प्रमाणात काढतात, त्यांना रिझोल्यूशनशी देणंघेणं नसतं. ओळखायची रीत सोपी: विंडोजचं रिझोल्यूशनच १०८०पी करून गेम उघडा. अक्षर वाढलं तर पहिला प्रकार, नाही वाढलं तर दुसरा, आणि मग मुकाट्याने ४के वर परत या. दोन्हीत आधी गेममधला UI Scale नाहीतर Text Size शोधायचा. रिझोल्यूशन उतरवणं हा पहिल्या प्रकारातला शेवटचा उपाय, तोही आधी १४४०पी वर.

स्लायडरच नसेल आणि गेम अनरिअल इंजिनवरचा असेल, तर `%LOCALAPPDATA%` मधल्या त्या गेमच्या फोल्डरात `Saved\Config` खाली `Engine.ini` असते. तिची प्रत काढून ठेवा आणि शेवटी हे टाका:

```
[/Script/Engine.UserInterfaceSettings]
ApplicationScale=1.25
```

काही गेम याला जुमानत नाहीत. जे जुमानतात त्यांतही १.५ च्या वर गेलं की बटणं पडद्याबाहेर पळतात. ऑनलाइन गेममध्ये मी फायलींना हात लावत नाही.

आता माझी सवय. मी टीव्हीला पट्टी लावून मोठ्या लिपीतलं अक्षर मोजतो. नऊ फुटांवरून ते निदान सव्वा सेंटिमीटर हवं. भाच्याच्या पहिल्या गेममध्ये ४के वर ते अर्धा सेंटिमीटर भरलं. नजर उत्तम असली तरी एवढं अक्षर तेवढ्या अंतरावरून जेमतेम ओळखू येतं, तासभर वाचणं दूरच. सेटिंग मात्र सोफ्यावर टेकून बसूनच करायचं. टीव्हीपुढे उकिडवं बसून स्लायडर हलवणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडलंय.

सबटायटलचा आकार बहुधा वेगळा असतो, UI Scale वाढवून तो वाढेलच असं नाही. मेनूतल्या नमुन्यावर जाऊ नका. तिथे चार शब्द काळ्या पडद्यावर असतात, कुणालाही दिसतील. बर्फ किंवा भर दुपारचं आकाश असलेला, लांब संवादाचा प्रसंग लावा. पांढरं अक्षर विरघळलं तर आकार वाढवण्याआधी मागची काळी पट्टी चालू करा. ओळी तीन झाल्या तर एक पायरी खाली या, नाहीतर खालचं अर्धं चित्र झाकलं जातं.

खालची ओळ कापली जात असेल तर दोष गेमचा नसतो, टीव्ही कडा खातोय. एलजीत Just Scan चालू करा, पीएस५ वर Adjust Display Area बघा.

रंगीत अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसत असतील तर त्या एचडीएमआय इनपुटला टीव्हीत PC असं नाव द्या. शार्पनेस वाढवू नका, अक्षराभोवती पांढरी झालर येते. विंडोजचं ३०० टक्के स्केलिंग डेस्कटॉपसाठी आहे, बहुतेक गेम त्याला विचारत नाहीत.

आणि एप्रिलमध्ये सगळं पुन्हा एकदा तपासा. कूलर खिडकीत बसला की सोफा त्याच्यासमोर, म्हणजे दोन फूट मागे सरकतो. डिसेंबरात नऊ फुटांवरून बरोबर बसवलेलं अक्षर मग अकरा फुटांवरून वाचावं लागतं. ताईकडे या मे महिन्यात हेच झालं, आणि भाच्याने पुन्हा रिझोल्यूशनच उतरवलं.