हुक पायाशी की डोक्यावर? टूलबॉक्स टॉक देताना शिकलेलं

डिप्लोमा करून बेळगावजवळच्या एका शेडच्या साईटवर सेफ्टी सुपरवायझर म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी सकाळी साडेआठला टूलबॉक्स टॉक माझ्या गळ्यात पडला. समोर चाळीसएक माणसं. खानापूरकडचे मराठी फिटर, बैलहोंगल-गोकाककडचे कन्नड बोलणारे गवंडी, थोडे हिंदी बोलणारे वेल्डर. मी कागद काढून "हेल्मेट घाला, हार्नेस लावा" असं पाच मिनिटं वाचलं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि कामाला गेले.

दुपारी वर बघितलं तर एक जुने फिटरमामा पाच मीटर उंचीच्या पर्लिनवर उभे. हार्नेस घातलेला, पण हुक पायाजवळच्या पर्लिनला. मी हाक मारली तर म्हणाले, "हुक लावलंय की, सर." सांगितलं तेवढं त्यांनी केलं होतं. कुठं लावायचं, हे मी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कागद नेला नाही. शेडमध्ये जमिनीवर चुन्यानं दोन रेघा मारल्या, एक शून्यावर आणि एक पाच मीटरवर. पहिली रेघ म्हणजे पर्लिन, दुसरी म्हणजे खालची जमीन. दोन मीटरच्या लेनयार्डचं हुक पहिल्या रेघेवर ठेवलं आणि दोर ताणला. माणूस पडला की दोरातला शॉक ॲबसॉर्बर फाटत जातो आणि दोर लांबतो. तो जास्तीत जास्त पावणेदोन मीटर लांबेल असं धरायचं, म्हणून तेवढं टेपनं मोजून दोराचं टोक पुढं सरकवलं. मग मामांना विचारलं, "जरा झोपता का इथं?" पाठीवरची डी-रिंग दोराच्या टोकावर येईल असे ते झोपले. डी-रिंगपासून पाय साधारण दीड मीटर. दोन, पावणेदोन आणि दीड मिळून सव्वापाच. मामांचे पाय चुन्याच्या रेघेच्या वीतभर पलीकडे गेले होते.

कुणी काही बोललं नाही. मग मागून एक जण म्हणाला, "म्हणजे बेल्ट असून बी पाय भुईला लागतंय."

मग हुक डोक्याच्या वर, पर्लिनपासून दोन मीटर उंच लावलं तर काय होतं, तेही तसंच दाखवलं. हुक पहिल्या रेघेच्या दोन मीटर मागं ठेवलं. आता पाय पर्लिनच्या सव्वातीन मीटर खाली येतात, म्हणजे जमीन अजून पावणेदोन मीटर लांब राहते. निदान एक मीटर मोकळं राहायला हवं असं धरून चाला. प्रत्यक्षात कमी उंचीवरून पडल्यामुळं ॲबसॉर्बर इतका फाटतही नाही. कन्नड बोलणाऱ्यांसाठी एका गवंड्यानंच मोठ्यानं सांगितलं, "म्याल हाक्री!" वर लावा. त्या दिवसापासून साईटवर सगळेच तसं म्हणायला लागले.

नवख्यांनी एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. छपराच्या टोकावर डोक्याच्या वर काही नसतंच. अशा ठिकाणी नुसतं "वर लावा" म्हणून चालत नाही. खांब उभे करून छातीच्या उंचीला तारेची लाईफलाईन ओढावी लागते, किंवा कडेपर्यंत पोचताच येणार नाही इतका आखूड दोर द्यावा लागतो. तार झोळ खाते, तो झोळही हिशेबात धरा. हे काम इंजिनिअरकडून आदल्या दिवशीच करून घ्यायचं. सकाळी माणसं वर चढल्यावर फार उशीर होतो.

हेल्मेटचं मी थोडक्यात सांगतो. आतल्या पट्ट्या आणि कवच यांच्यामध्ये जी पोकळी असते, तीच मार झेलते. तिथं मोबाईल किंवा तंबाखूची पुडी कोंबली की धक्का थेट डोक्याला. आणि हनुवटीचा पट्टा सैल असेल तर पडताना हेल्मेट माणसाच्या आधी खाली जातं.

ग्राइंडरचा विषयही हार्नेसशी जोडूनच काढावा. वर पर्लिन कापताना ठिणग्या दोरावर उडाल्या की पॉलिएस्टरचा दोर वितळतो. छिद्रं बारीक असतात, हात फिरवला तर खरखरीत लागतं. असा दोर बाद करायचा, गाठ मारून वापरायचा नाही. कापताना ठिणग्या कुठं जातात ते बघून दोर दुसऱ्या बाजूला घ्यायचा. ग्राइंडरची गार्ड काढलेली दिसली तर आधी चकती बघा. बहुतेक वेळा मोठी चकती बसावी म्हणूनच ती काढलेली असते. चार इंची मशीन मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेते, तर सात इंची चकतीवर 8,500 च्या आसपासच मर्यादा छापलेली असते. चकतीवरचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर ती फुटू शकते. अंक वाचता येणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे दोन आकडे मोठ्यानं वाचून घेतो.

टॉक दहा मिनिटांच्या वर नेत नाही. शेवटी त्या दिवशी वर जाणाऱ्या एकाला पुढं बोलावतो आणि विचारतो, "आज तुमचं हुक कुठं लागणार?" त्यानं बोट दाखवायचं. बोट दाखवता आलं नाही, तर तो खालीच थांबतो आणि मी आधी वर जाऊन जागा बघून येतो.