डिफेक्टिव्ह रिटर्नची नोटीस : या चुका टाळा

आयकर कायद्याच्या कलम १३९(९) खाली नोटीस आली की बहुतेक जण घाबरून विचारतात, दंड किती होईल. खरे तर ही नोटीस दंडाची नसते. तुम्ही भरलेले विवरणपत्र सदोष आहे, ते दुरुस्त करून द्या, एवढेच तिचे म्हणणे असते. दुरुस्त केले नाही, तर मात्र ते विवरणपत्र अवैध ठरते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ते भरलेलेच नसते. दरवर्षी माझ्याकडे येणाऱ्या अशा नोटिसांमध्ये त्याच त्या चुका असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा 'दहा मिनिटांत रिटर्न भरून टाकले' अशा फुशारकीतून आलेल्या असतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम खात्यात येते म्हणून तिला पगार समजणे आणि आयटीआर-१ भरून मोकळे होणे. जिल्ह्याच्या गावातील एका खासगी रुग्णालयात मानधनावर काम करणाऱ्या एका डॉक्टर बाईंचे प्रकरण सांगतो. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ साठी त्यांची वर्षाची फी ९,६०,००० रुपये होती. त्यावर रुग्णालयाने कलम १९४जे खाली १० टक्के, म्हणजे ९६,००० रुपये टीडीएस कापला होता. बाईंनी ही सगळी रक्कम 'पगार' म्हणून दाखवली, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट घेतली आणि नव्या करपद्धतीनुसार उपकरासह ४०,०४० रुपये कर काढून उरलेला परतावा मागितला. पगारावरचा टीडीएस कलम १९२ खाली कापला जातो आणि त्यासाठी फॉर्म १६ मिळतो. त्यांच्या हातात फॉर्म १६ए होता. तो नीट पाहिला असता तरी पुढचे टळले असते. १९४जे खालच्या रकमेवर टीडीएसचा दावा आहे, पण व्यवसायाचे उत्पन्न कुठेच दाखवलेले नाही, ही विसंगती विभागाच्या संगणकाला पकडता येतेच. नोटीस आली.

यातली गंमत अशी, की चुकीच्या फॉर्ममुळे नुकसान त्यांचेच होत होते. वैद्यकीय व्यवसाय कलम ४४एडीए मध्ये बसतो. त्यानुसार एकूण जमेच्या किमान ५० टक्के नफा दाखवता येतो, मात्र प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर तोच दाखवावा लागतो. बाईंचा स्वतःच्या दवाखान्याचा, फिरतीचा आणि मदतनिसाचा खर्च खरोखरच मोठा होता, म्हणून आयटीआर-४ मध्ये ४,८०,००० रुपये नफा दाखवणे रास्त होते. त्या वर्षी नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट असल्याने त्यांचा कर शून्य झाला आणि ९६,००० रुपयांचा पूर्ण परतावा देय ठरला.

तरीही दुरुस्तीचा त्यांचा पहिला मसुदा पुन्हा चुकलाच होता. एकूण जमेच्या जागी त्यांनी बँकेत प्रत्यक्ष जमा झालेले ८,६४,००० रुपये लिहिले होते. कापलेला कर हाही तुमच्याच उत्पन्नाचा भाग असतो. टीडीएसच्या परिशिष्टात ९,६०,००० आणि व्यवसायाच्या परिशिष्टात ८,६४,००० असे आकडे ठेवून पाठवले असते, तर दोषाच्या जागी दुसरा दोष उभा राहिला असता. म्हणून तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद असलेला फॉर्म २६एएस समोर ठेवून प्रत्येक टीडीएसच्या ओळीपुढे 'ही रक्कम विवरणपत्राच्या कोणत्या रकान्यात गेली' हे मी पेन्सिलीने लिहितो. ज्या ओळीपुढे काही लिहिता येत नाही, तिथेच नोटीस दडलेली असते. कर मार्चमध्ये कापला गेला, पण उत्पन्न पुढच्या वर्षात धरायचे असेल, तर त्या टीडीएसचा दावा याच वर्षी न करता तो पुढे ओढावा. परिशिष्टात त्यासाठी वेगळा रकाना आहे, पण तो कोणी पाहत नाही.

जुन्या करपद्धतीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयटीआर-१ मध्ये जुनी पद्धत फॉर्ममध्येच निवडता येते. उत्पन्न व्यवसायाचे ठरले, तर मात्र त्यासाठी मूळ मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरलेला असावा लागतो. तो नसेल, तर फॉर्म बदलताना ८०सी सारख्या वजावटी हातच्या जातात आणि कर वाढतो. हा धक्का नोटिशीपेक्षा मोठा असतो.

फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. हे उत्पन्न व्यवसायाचे असते हे कळून ते आयटीआर-३ निवडतात, पण नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद कोरे सोडून देतात. हिशेबाची पुस्तके ठेवलेली नसली, तरी उलाढाल, ढोबळ नफा, खर्च आणि निव्वळ नफा द्यावाच लागतो. वर्षअखेरचे येणे, देणे, साठा आणि हातातील रोख हे आकडेही लागतात आणि ते 'नो अकाउंट केस' या भागात भरायचे असतात. विवरणपत्र अवैध ठरले, तर तोटा पुढे ओढण्याचा हक्कही त्याबरोबर जातो. ज्यांनी तोटा दाखवण्यासाठीच विवरणपत्र भरलेले असते, त्यांना हे फार उशिरा उमगते.

आता मुदतीबद्दल. उत्तर द्यायला १५ दिवस मिळतात आणि ते मोजायचे नोटीस कळवल्याच्या तारखेपासून. ती तुम्ही कधी उघडून वाचली, याला महत्त्व नाही. बाईंच्या नोटिशीवर ४ तारीख होती, त्यांना ती समजली १२ ला, कारण पोर्टलवर ईमेल पत्ता विवरणपत्र भरून देणाऱ्या एजंटचा होता. हाती उरला एक आठवडा. दोन-तीनशे रुपयांत काम उरकणाऱ्यांचा हा आवडता शॉर्टकट आहे आणि मला त्याचा मनस्वी राग येतो. प्रोफाइलमध्ये स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल असू द्यावा. नोटिशीची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो : लहान लिपीत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख.

उत्तर द्यायचे ते पोर्टलवर `Pending Actions` मधील `e-Proceedings` येथे. दोष मान्य असेल तर `Agree` निवडून दुरुस्त विवरणपत्र द्यावे. त्यात ते कलम १३९(९) च्या नोटिशीला उत्तर म्हणून भरल्याचे निवडावे आणि मूळ विवरणपत्राचा पोचक्रमांक, नोटिशीचा क्रमांक व तारीख जशीच्या तशी टाकावी. घाईत कलम १३९(१) तसेच राहू देणारे बरेच असतात. रागाच्या भरात `Disagree` दाबणारेही असतात, पण कर कापणाऱ्याने चुकीचे कलम लावल्यासारखे ठोस कारण आणि त्याचा पुरावा असेल तरच तो मार्ग धरावा. एकदा दिलेले उत्तर बदलता येत नाही, म्हणून मी सगळे आकडे आदल्या दिवशी तपासतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवतो. दुरुस्त विवरणपत्राचे ई-व्हेरिफिकेशनही त्याच बैठकीत उरकावे.

१५ दिवस पुरणार नसतील, तर मुदत संपण्याआधीच मुदतवाढीचा अर्ज करावा, मात्र ती देणे अधिकाऱ्याच्या हाती असते. मुदत उलटून गेली तरी करनिर्धारण होण्यापूर्वी दोष दूर केला, तर अधिकारी विलंब माफ करू शकतो. तोही त्याचा अधिकार आहे, तुमचा हक्क नव्हे. त्या वर्षाचे विवरणपत्र भरण्याची वेळ संपलेली नसेल, तर नव्याने विवरणपत्र भरता येते. मूळ तारीख गेल्यावर भरलेल्या विवरणपत्राला विलंबशुल्क लागते : एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपयांपर्यंत, त्यापुढे ५,००० रुपये.